आकडे सोमवारी बघू : मीडिया क्लबच्या छोट्या भाषणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे भाषण कुणासाठी आहे आणि किती वेळाचं?

कॉलेजच्या मीडिया क्लबमध्ये वर्षाच्या सुरुवातीला नवी टीम बसते, तेव्हा करायचं हे तीन-साडेतीन मिनिटांचं भाषण आहे. करणारा कुणीही चालेल: क्लबचा जुना विद्यार्थी, समन्वयक मॅडम, नाहीतर टीममधली एडिटिंग करणारी मुलगी. क्लबचं यूट्यूब चॅनल आहे आणि आठवड्याला एक व्हिडिओ जातो, एवढं गृहीत धरलं आहे. इन्स्टाग्रामचा वेगळा प्रश्न खाली आहे.

भाषण पूर्ण वाचायला मिळेल का?

हे घ्या. जशाच्या तसं म्हणायची गरज नाही, आपल्या क्लबच्या व्हिडिओंची नावं घालून म्हणा.

> आपला व्हिडिओ गुरुवारी संध्याकाळी जातो. साडेसातला ग्रुपवर पहिला मेसेज पडतो, ‘किती झाले?’ नऊला दुसरा. झोपताना तिसरा. शुक्रवारी सकाळी लेक्चरच्या आधी आपल्यातले निम्मे जण आकडे बघायला यूट्यूब स्टुडिओ उघडून बसलेले असतात.
>
> आता मला सांगा, शुक्रवारी सकाळचा तो आकडा बघून आपण आजवर कोणता निर्णय घेतला? कॅमेरा वेगळा लावला? स्क्रिप्ट बदललं? नाही. आकडा चांगला असला तर फायर इमोजी टाकले, वाईट असला तर ज्याने एडिट केलं त्याला टोमणा मारला.
>
> रोजचा आकडा खोटा नसतो, पण तो आपल्या कामाबद्दल फार थोडं सांगतो. कुणाच्या तरी काकांनी सोसायटीच्या ग्रुपवर लिंक टाकली, आकडा वाढला. दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकल होतं, आकडा पडला. यात व्हिडिओ चांगला की वाईट, हे कुठे आलं?
>
> म्हणून या वर्षी एक पद्धत ठेवू. प्रत्येक व्हिडिओला त्याचे स्वतःचे सात दिवस द्यायचे. सात दिवस भरले, आकडे स्थिर झाले, की सोमवारी चार वाजता अर्धा तास बसायचं. त्या अर्ध्या तासात तीन गोष्टी बघायच्या: लोक आले कुठून, पहिल्या तीस सेकंदांत किती टिकले, आणि आपल्या नेहमीच्या व्हिडिओच्या मानाने हा कुठे आहे. उठताना एकच निर्णय लिहायचा. एकच. पुढच्या व्हिडिओत काय वेगळं करणार, एवढं एक वाक्य.
>
> मधल्या दिवसांत कुणी ‘किती झाले?’ विचारलं तर उत्तर ठरलेलं आहे: सोमवारी बघू.
>
> गुरुवारी रात्री तुम्हाला चॅनल उघडायचंच असेल तर जरूर उघडा. कमेंट वाचा, उत्तरं द्या. आवाज नीट येतोय का ते ऐका. आकड्याकडे मात्र बघू नका, तो अजून कच्चा आहे.

रोज बघण्यात नेमकं नुकसान काय? दोन मिनिटांचं तर काम आहे.

वेळ जातो ही तक्रार मी करणार नाही. रोजच्या आकड्यात चढउतार इतका असतो की त्यातून चुकीचा निष्कर्ष निघतो, आणि त्या निष्कर्षावर टीम कामाला लागते. त्रास तिथे सुरू होतो.

समजा चॅनलला रोज सरासरी ४० व्ह्यूज येतात. काहीही बदललं नाही तरी असा मोजणीचा आकडा निव्वळ योगायोगाने साधारण त्याच्या वर्गमुळाइतका मागेपुढे होतो. ४० चं वर्गमूळ जेमतेम ६. म्हणजे एखाद दिवशी ३४, एखाद दिवशी ४६ हे अगदी नेहमीचं. ३४ ते ४६ हा फरक ग्रुपवर ‘पस्तीस टक्के वाढ!’ म्हणून जातो, आणि घडलेलं काहीच नसतं. तेच आठवड्याचे २८० व्ह्यूज घेतले तर वर्गमूळ १७ च्या आसपास. ४० वर ६ म्हणजे १५ टक्के, २८० वर १७ म्हणजे ६ टक्के. डोलणं निम्म्याहून कमी झालं.

हा हिशोबही सौम्यच आहे. कारण त्यात प्रत्येक प्रेक्षक स्वतंत्रपणे येतो असं धरलंय. आपल्याकडे तो तसा येत नाही. एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिंक पडली की पन्नास जण एकदम येतात आणि एकदम जातात. कॉलेजच्या चॅनलचा रोजचा आकडा त्यामुळे वर्गमुळाच्या अंदाजापेक्षा बराच जास्त उड्या मारतो.

दुसरं म्हणजे वार. कॉलेजचा प्रेक्षक रविवारी वेगळा असतो आणि प्रॅक्टिकलच्या दिवशी वेगळा. कुठलेही सलग सात दिवस घेतले की प्रत्येक वार एकदाच येतो आणि हा फरक आपोआप गळून पडतो. पाच दिवस किंवा दहा दिवस घेऊन हे जमत नाही.

पण आलेखात दुसऱ्या दिवशी व्हिडिओ उसळलेला स्पष्ट दिसतो. तो तर योगायोग नाही ना?

नाही, पण ते बहुतेक वेळा घड्याळ असतं. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडतो, कारण वर्षभर चॅनल चालवणाऱ्यांनाही हे माहीत नसतं.

यूट्यूब अ‍ॅनालिटिक्समधला ‘दिवस’ भारतातला नाही. तो अमेरिकेच्या पॅसिफिक वेळेप्रमाणे मोजला जातो. तिथली मध्यरात्र म्हणजे आपल्याकडे दुपारचे साडेबारा. तिकडच्या हिवाळ्यात घड्याळं एक तास मागे जातात, तेव्हा दीड. म्हणजे स्टुडिओतला ‘गुरुवार’ आपल्या गुरुवारी दुपारी सुरू होतो आणि शुक्रवारी दुपारी संपतो.

आता समजा क्लबने गुरुवारी सकाळी ११ ला व्हिडिओ टाकला. पॅसिफिक वेळेने तेव्हा बुधवारची रात्र आहे, उन्हाळ्यात साडेदहा. म्हणजे व्हिडिओचा ‘पहिला दिवस’ उरला अवघा दीड तास. त्या दीड तासात ३० व्ह्यूज आले. मग सुरू झालेल्या पूर्ण दिवसात ३०० आले. आलेखावर दिसतं, व्हिडिओ दहापट उसळला! मुलं खूश, थंबनेल करणारा हीरो. तोच व्हिडिओ दुपारी २ ला टाकला असता तर पहिला दिवस जवळजवळ पूर्ण भरला असता आणि दुसरा दिवस घसरलेला दिसला असता. व्हिडिओ तोच, प्रेक्षक तेच.

संध्याकाळी ७ ला टाकणाऱ्यांचा पहिला दिवस साडेसतरा तासांचा होतो, हिवाळ्यात साडेअठरा. त्यामुळे वेळ कुठलीही असो, ती ठरलेली ठेवा. एकदा सकाळी, एकदा रात्री असं केलंत तर पहिल्या दिवसांची तुलना करण्यात काही अर्थ उरत नाही. सात दिवस एकत्र घेतले की ही चूक उरतेच, पण इतकी लहान होते की निर्णय बिघडत नाही.

मग सोमवारच का? आणि गुरुवारचा व्हिडिओ पुढच्या सोमवारी म्हणजे चार दिवसांतच बघायचा?

नाही, त्याच्या पुढच्या सोमवारी. मोजून बघा. गुरुवारी संध्याकाळी टाकलेल्या व्हिडिओचे स्टुडिओतले सात दिवस पुढच्या गुरुवारी दुपारी भरतात. अ‍ॅनालिटिक्सचे तपशीलवार अहवाल साधारण दोन दिवस मागे असतात. म्हणजे शनिवारपर्यंत आकडे जागेवर येतात, रविवार हाताशी राहतो, सोमवारी बसायचं. व्हिडिओ तेव्हा अकरा दिवसांचा झालेला असतो, पण आपण त्याचे पहिले सातच मोजतो.

‘एवढा उशीर?’ असं हमखास विचारलं जातं. उशीर आहेच. मधल्या काळात दुसरा व्हिडिओ प्रसिद्ध झालेला असतो आणि तिसऱ्याचं शूटिंग कुठेतरी अर्धवट असतं. त्यामुळे पहिल्या व्हिडिओतून शिकलेली गोष्ट तिसऱ्यात, कधी चौथ्यात दिसते. हे आधीच मान्य केलं की चिडचिड कमी होते. तसंही रोज आकडे बघणाऱ्या टीमचा तिसरा व्हिडिओ लवकर सुधारतो असं मी कुठे पाहिलेलं नाही.

ताजे आकडे हवेच असतील तर स्टुडिओत शेवटच्या ४८ तासांचं कार्ड आहे, पण तो अंदाज असतो. यूट्यूब व्ह्यूजची पडताळणी करत राहतं आणि बनावट वाटलेले काढून टाकतं, त्यामुळे आकडा कधी खालीही येतो. पूर्वी मोजणी ३०१ वर अडकून बसायची, आठवतं का? ते २०१५ मध्ये बंद झालं. पडताळणी बंद झालेली नाही.

सोमवारच्या अर्ध्या तासात नेमकं काय करायचं?

एक गूगल शीट ठेवा. प्रत्येक व्हिडिओला एक ओळ. रकाने असे: प्रसिद्धीची तारीख, शीर्षक, पहिल्या सात दिवसांचे व्ह्यूज, तीस सेकंदांनंतर टिकलेल्यांची टक्केवारी, सगळ्यात मोठा ट्रॅफिक स्रोत, आणि शेवटी ‘निर्णय’. बस. क्लिक-थ्रू रेट म्हणजे थंबनेल दिसल्यावर किती टक्के लोकांनी दाबलं तो आकडा. तो लिहायचा असेल तर लिहा, पण त्याच्यावर चर्चा महिन्यातून एकदाच करा. का ते खाली आहे.

सात दिवसांचे व्ह्यूज काढायला स्टुडिओत त्या व्हिडिओच्या अ‍ॅनालिटिक्समध्ये जाऊन तारखांची मर्यादा स्वतः निवडा. ‘शेवटचे ७ दिवस’ निवडू नका. ते आजपासून मागचे सात दिवस असतात, व्हिडिओच्या वयाशी त्यांचा संबंध नाही. ही गल्लत इतकी होते की शीटमध्ये त्या रकान्याचं नावच ‘जन्मापासून सात दिवस’ असं ठेवलेलं बरं.

तीस सेकंदांचा आकडा प्रेक्षक टिकण्याच्या आलेखाखाली मिळतो. सुरुवात बघून किती टक्के लोक थांबले, ते तिथे सरळ लिहिलेलं असतं. ट्रॅफिक स्रोत वेगळ्या यादीत असतात: यूट्यूबवर शोधून आलेले, होमपेजवरून आलेले, दुसऱ्या व्हिडिओशेजारी सुचवल्यामुळे आलेले, बाहेरून आलेले. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या लिंका ‘बाहेरून’मध्ये मोडतात, आणि कॉलेजच्या चॅनलवर बऱ्याचदा तोच रकाना सगळ्यांत फुगलेला असतो.

तुलनेसाठी सरासरी घेऊ नका, मध्यक घ्या, म्हणजे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा. स्नेहसंमेलनाचा एक व्हिडिओ पाच हजारांवर गेला की सरासरी वर्षभर फुगलेली राहते आणि बाकीचा प्रत्येक व्हिडिओ नापास दिसतो. सात दिवसांचे व्ह्यूज `C` रकान्यात असतील तर शेवटच्या दहा व्हिडिओंचा मध्यक असा निघेल:

```
=MEDIAN(C2:C11)
```

नवी ओळ नेहमी वर घाला आणि हे सूत्र बाजूच्या मोकळ्या चौकटीत ठेवा. नवी ओळ घातली की शीट सूत्रातली कक्षा आपोआप खाली सरकवतं, तेव्हा ती पुन्हा `C2:C11` करून घ्यायची.

अर्ध्या तासातली पहिली दहा मिनिटं शीट भरण्यात जातात. उरलेल्या वीस मिनिटांत व्हिडिओची पहिली तीस सेकंदं सगळ्यांनी मिळून मोठ्या स्क्रीनवर बघायची. यावर माझा आग्रह आहे. आकडे बघून चर्चा हवेत जाते, व्हिडिओ बघून ती टेबलावर येते.

एक उदाहरण करून दाखवाल का?

करू. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, पण असे दोन व्हिडिओ जवळपास प्रत्येक क्लबकडे असतात.

पहिला व्हिडिओ फ्रेशर्स पार्टीचा. सात दिवसांचे व्ह्यूज: ९००, २१०, ६०, ३०, २०, १५, १५. एकूण १२५०.

दुसरा व्हिडिओ, परीक्षेचा फॉर्म भरताना होणाऱ्या चुकांवर. ७०, ६०, ८५, ११०, १३०, १४०, १५५. एकूण ७५०.

रोज आकडे बघणाऱ्या ग्रुपवर काय झालं असेल? फ्रेशर्सच्या दुसऱ्या दिवशी अभिनंदनाचे मेसेज. फॉर्मच्या व्हिडिओच्या दुसऱ्या दिवशी, ७० वरून ६० वर घसरलेला बघून, ‘असले बोअरिंग विषय नकोत’. आणि त्याच दिवशी पुढचा विषय ठरलेला असेल तर तो इव्हेंटचा ठरला असेल.

सोमवारी शीट उघडल्यावर वेगळं दिसतं. एकूण आकड्यात फ्रेशर्सच पुढे आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याचे बहुतेक प्रेक्षक बाहेरून आले, म्हणजे वर्गांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून, आणि सातव्या दिवशी तो १५ वर आला. ज्यांनी बघायचं त्यांनी बघून झालं. फॉर्मचा व्हिडिओ शोधून बघितला जातोय आणि सातव्या दिवशीही चढतो आहे. तो ज्या कॉलेजांतल्या मुलांपर्यंत पोचतोय, त्यांना आपला क्लब माहीतही नाही.

मग तीस सेकंदांचा रकाना. फ्रेशर्स ४१ टक्के, फॉर्म ६८ टक्के. दोन्हींची सुरुवात लावून बघितली. फ्रेशर्सच्या व्हिडिओत आधी कॉलेजचं बोधचिन्ह फिरत येतं, मग क्लबचं बोधचिन्ह, मग ड्रोनने घेतलेली इमारत, मग प्राचार्यांचं स्वागत. बावीसाव्या सेकंदाला पहिला विद्यार्थी दिसतो. फॉर्मच्या व्हिडिओत पहिल्याच वाक्यात मुलगी विचारते, ‘तुमचा विषय-कोड चुकला तर काय होतं माहितीये?’

आता मोह असा होतो की पाच निर्णय लिहावेत. इव्हेंट कमी करा, माहितीपर वाढवा, बोधचिन्ह काढा, ड्रोन बंद करा, सगळे व्हिडिओ प्रश्नाने सुरू करा. यातला एकच घ्यायचा. या टीमने लिहिलं: ‘पुढच्या दोन व्हिडिओंत पहिल्या पाच सेकंदांत माणूस बोलताना दिसला पाहिजे, बोधचिन्ह शेवटी.’ हा निर्णय चांगला का? कारण दोन आठवड्यांनी तीस सेकंदांच्या रकान्यात तो लागू पडला की नाही हे बघता येतं. ‘माहितीपर व्हिडिओ वाढवा’ हे बघता येत नाही, त्यात विषयही बदलतो, निवेदकही बदलतो, आणि कशामुळे काय झालं ते कळत नाही.

फ्रेशर्सचा व्हिडिओ पुन्हा करू नये, असा या शीटमधून निष्कर्ष निघत नाही. कॉलेजच्या आठवणीसाठी तो करायचाच. फक्त त्याच्या आकड्याशी फॉर्मच्या व्हिडिओची स्पर्धा लावायची नाही.

क्लिक-थ्रू रेट दुसऱ्या दिवशी खाली आला तर थंबनेल लगेच बदलावा का?

थांबा. समजा एका दिवसात थंबनेल ३०० वेळा दिसलं आणि १२ जणांनी दाबलं. रेट ४ टक्के. एवढ्या कमी संख्येवर खरा रेट २ पासून ६ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकतो. दोघांनी जास्त दाबलं असतं तर तो ४.७ दिसला असता. आठवड्याला २१०० वेळा दिसलं आणि ८४ जणांनी दाबलं, तर रेट तोच ४ टक्के, पण आता तो ३ ते ५ च्या दरम्यान आहे असं बऱ्याच खात्रीने म्हणता येतं. त्यातही लहान चॅनलला ठाम निष्कर्षासाठी तीन-चार व्हिडिओ एकत्र बघावे लागतात, म्हणून वर महिन्यातून एकदा म्हटलं.

आणखी एक. व्हिडिओ यशस्वी होऊ लागला की हा रेट बहुधा पडतो. सुरुवातीला थंबनेल ओळखीच्या, सबस्क्राइब केलेल्या लोकांना दिसतं आणि ते दाबतात. मग यूट्यूब ते अनोळखी लोकांपुढे ठेवतं, ते कमी दाबतात. पडलेला रेट बघून घाबरून थंबनेल बदललं तर चालत्या गाडीला खीळ घातल्यासारखं होतं. यूट्यूबच्याच मदतपानावर म्हटलंय की निम्म्या चॅनल आणि व्हिडिओंचा हा रेट २ ते १० टक्क्यांच्या दरम्यान असतो. म्हणजे ४ टक्के ही काही आपत्ती नाही.

थंबनेल खरंच तपासायचं असेल तर स्टुडिओत तीन पर्यंत पर्याय शेजारी-शेजारी चालवून बघायची सोय आहे. ती चाचणी दोन आठवड्यांपर्यंत चालू शकते आणि निकाल नुसत्या क्लिकवर न ठरता बघितलेल्या वेळावर ठरतो. आपले प्रेक्षक कमी असतील तर ‘फरक आढळला नाही’ असा निकाल येऊ शकतो, आणि तोही उपयोगाचा असतो.

मग पहिल्या दिवशी चॅनलकडे बघायचंच नाही?

बघायचं, पण आकड्यांसाठी नाही. व्हिडिओ गेल्यावर पहिल्या तासात एकाने तो दुसऱ्याच्या फोनवर, इयरफोन लावून पूर्ण ऐकायचा. एका कानात आवाज नाही, सबटायटल मागे पडलंय, पाहुण्यांच्या नावात चूक आहे, वर्णनातली लिंक उघडत नाही, पार्श्वसंगीतावर कॉपीराइटचा दावा आलाय, या गोष्टी सोमवारपर्यंत ठेवायच्या नाहीत. कमेंटमध्ये कुणी कुणा मुलीबद्दल वाट्टेल ते लिहिलं असेल तर ते तर तासाभरातच काढायचं.

थेट प्रक्षेपण हाही अपवाद. युवा महोत्सवाचं लाइव्ह चालू असताना एकाच वेळी बघणाऱ्यांचा आकडा अचानक शून्याकडे गेला, तर बहुतेक वेळा स्ट्रीम तुटलेली असते. तिथे आकडा हा गजर आहे, आणि तो डोळ्यासमोर हवाच.

सर रोज संध्याकाळी ग्रुपवर ‘किती झाले?’ विचारतात. त्यांना कसं सांगायचं?

सरांना उलट उत्तर द्यायचं नाही आणि आकडा लपवायचाही नाही. सोमवारी साडेचारला त्यांना स्वतःहून तीन ओळींचा मेसेज पाठवायला लागा: ‘सर, फॉर्मच्या व्हिडिओला पहिल्या सात दिवसांत ७५०, आपला नेहमीचा मध्यक ४२०. बहुतेक जण शोधून आले. पुढच्या व्हिडिओत बोधचिन्ह शेवटी टाकतोय.’ दोन-तीन सोमवार गेले की रोजचा प्रश्न बहुधा आपोआप थांबतो, कारण त्यांना आकडा नको असतो, काम चाललंय याची खात्री हवी असते. तरी विचारलंच तर ‘सर, सोमवारी पक्का आकडा देतो’ म्हणायला हरकत नाही.

या शीटचा एक आडफायदा आहे. वर्षअखेर आयक्यूएसी या कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाकडून ‘क्लबच्या उपक्रमांची माहिती आजच द्या’ असा फोन येतो, तेव्हा सगळं तयार असतं.

नियम ठरला, तरी हात आपोआप स्टुडिओकडे जातो. काय करायचं?

निश्चयावर सोडू नका, वाट जरा लांब करा. बऱ्याच क्लबमध्ये एकच पासवर्ड दहा जणांकडे फिरत असतो. तो बदला. चॅनलच्या सेटिंगमध्ये परवानग्या देता येतात: कुणी व्यवस्थापक, कुणी एडिटर, कुणी फक्त बघणारा. व्यवस्थापक दोनच ठेवा. बाकीच्यांपैकी अपलोड करणाऱ्याला एडिटरची परवानगी पुरते. पासवर्ड वाटण्यापेक्षा हे सुरक्षितही आहे, कारण पास होऊन गेलेल्या मुलाची परवानगी एका मिनिटात काढता येते.

फोनवरचं स्टुडिओ अ‍ॅप काढून टाका किंवा निदान त्याच्या सूचना बंद करा. आणि ‘दहापैकी पहिला’ असं सांगणारं कार्ड मुखपृष्ठावर दिसतं, त्याचं काय? ते कार्ड खरं तर शहाणं आहे. नवा व्हिडिओ आधीच्या व्हिडिओंशी समान वयावर ताडून बघतं. पण पहिल्या रात्री ते तुमच्या ग्रुपमध्ये लिंक किती जणांनी पुढे ढकलली याचीच क्रमवारी सांगत असतं.

इन्स्टाग्रामच्या रील्सना हेच लागू होतं का?

बहुतांशी. रीलचं आयुष्य मात्र बेभरवशाचं असतं, कधी दहाव्या दिवशी ती अचानक चालते. तरी पहिले सात दिवसच मोजा, म्हणजे तुलना तरी होते. इन्साइट्स दिसायला खातं प्रोफेशनल प्रकारचं असावं लागतं.

व्ह्यूजचा आकडा इथे आणखी कमी कामाचा, कारण एकाच माणसाने तीनदा बघितलं तर तीन मोजले जातात. यूट्यूब शॉर्ट्समध्येही ३१ मार्च २०२५ पासून व्हिडिओ सुरू झाला किंवा पुन्हा फिरला की व्ह्यू धरला जातो. त्याआधीच्या शॉर्ट्सशी आजच्या आकड्यांची तुलना करून कुणी ‘आपण वाढलो’ म्हणत असेल तर त्याला ही तारीख दाखवा. रीलसाठी शीटमध्ये दोनच आकडे लिहा, किती जणांनी पुढे पाठवली आणि किती जणांनी जपून ठेवली. कॉलेजच्या पानावर यांतून जास्त कळतं.

क्लब नवा आहे, चारच व्हिडिओ झालेत. मध्यक काय काढणार?

काढू नका. आठ-दहा ओळी होईपर्यंत शीट फक्त भरत राहा आणि सोमवारचा वेळ व्हिडिओ एकत्र बघण्यात घाला. चार व्हिडिओंवरून ‘आपल्या प्रेक्षकांना मुलाखती आवडतात’ असं कुणी म्हणू लागलं तर त्याला थांबवा. त्या चारातली एक मुलाखत बहुधा कुणाच्या तरी लोकप्रिय सरांची असते.

परीक्षेच्या महिन्यात बैठक होत नाही. मग?

व्हिडिओ जात नसेल तर बैठकही नको. सुट्टीनंतर आलेले आकडे जुन्या मध्यकाशी लावताना शीटमध्ये ‘सुट्टी’ अशी नोंद मात्र करा, नाहीतर जानेवारीत कुणीतरी दिवाळीतल्या घसरगुंडीचं कारण शोधत बसेल.

भाषण करताना कुठे लोक गळतात?

वर्गमूळ आणि टक्केवारी काढली की गळतात, म्हणून ते भाषणात ठेवलेलंच नाही. त्याऐवजी प्रोजेक्टरवर आपल्याच चॅनलचा एक आलेख लावा, दुसऱ्या दिवशी उसळलेला. विचारा, ‘असं का झालं असेल?’ चार-पाच जण थंबनेल, विषय, निवेदक अशी कारणं देतील. सगळी ऐकून घ्या. मग अपलोडची वेळ सांगा आणि पॅसिफिक वेळेचं गणित फळ्यावर मांडा. तिथे शांतता होते आणि मग भाषणातलं उरलेलं ऐकलं जातं. हा आलेख आधी शोधून ठेवावा लागतो, आणि सकाळी टाकलेल्या व्हिडिओंमध्ये तो लवकर सापडतो.